विक्स म्हणजे राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी नव्हे

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी चहाआधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. शाहूपुरी-राजारामपुरीत शेअर बाजाराच्या टर्मिनलसमोर बसणारी मंडळी विक्स या बाजाराच्या अस्थिरतेच्या निर्देशांकाकडेही अशाच नजरेने बघतात. १२ असला की निवांत, २० झाला की गाशा गुंडाळा. घोळ इथूनच सुरू होतो. बंधाऱ्यावरचा आकडा आत्ता पाणी किती आहे ते सांगतो. विक्स सांगतो तो पुढच्या तीस दिवसांच्या विम्याचा आजचा दर. पूर येणार की नाही, हे त्यात कुठंच लिहिलेलं नसतं.

मूळ कल्पना शिकागोची. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणारा करार. १९९३ मध्ये तिथल्या ऑप्शन एक्स्चेंजने हा निर्देशांक आणला. २००३ मध्ये त्याची रीत बदलली आणि बाजारभावाजवळच्या मोजक्या ऑप्शनऐवजी लांबच्या स्ट्राइकचे, म्हणजे बाजारभावापासून दूरचा भाव ठरलेल्या करारांचे, भावही धरले जाऊ लागले. आपल्याकडे तो एप्रिल २००८ मध्ये आला, निफ्टीच्या ऑप्शनवर. मुहूर्तही असा की काही महिन्यांतच जागतिक मंदीचा दणका बसला.

‘भीतीचा निर्देशांक’ हे नाव वर्तमानपत्रांना आवडलं आणि ते चिकटलं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या नावाने केलं आहे. विक्स काढताना कॉल म्हणजे घेण्याचा हक्क आणि पुट म्हणजे विकण्याचा हक्क, या दोन्हींचे भाव धरतात. बाजार वर जाईल की खाली, हे त्याला माहीत नसतं. किती हलेल याची ऑप्शनच्या खरेदी-विक्रीवाल्यांनी लावलेली किंमत एवढंच त्यात असतं. बाजार पडताना लोक पुट घ्यायला धावतात म्हणून तो बहुतेक वेळा पडझडीत चढतो, इतकंच. १८ मे २००९ आठवा. लोकसभेचा निकाल लागल्यानंतरचा तो सोमवार. निफ्टी वरच्या सर्किटला लागून बंद झाला, एका दिवसात १७ टक्क्यांहून जास्त वर. त्या दिवशी झोपले ते कॉल विकून बसलेले. घबराट होती, पण ती तेजीची.

आकडा वाचायचा कसा? विक्स वर्षाच्या टक्केवारीत असतो. एका दिवसासाठी त्याला १६ ने भागायचं, कारण वर्षात साधारण २५२ दिवस बाजार चालतो आणि त्याचं वर्गमूळ १६ च्या जवळ येतं. विक्स १२ असेल तर पाऊण टक्का, म्हणजे २४,००० च्या निफ्टीवर १८० अंक. साधारण तीनपैकी दोन दिवस हालचाल या पट्ट्यात राहील, असा ऑप्शनच्या भावांचा अंदाज. उरलेल्या एका दिवसाबद्दल हा पट्टा काहीच बोलत नाही, आणि खातं रिकामं होतं ते त्याच दिवशी.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे सर्रास विसरली जाते. आपला विक्स मासिक करारांवरून काढतात, चालू महिन्याच्या आणि पुढच्या. एक्स्पायरीला, म्हणजे करार संपायला, बाजाराचे तीन दिवस उरले की तो पुढच्या करारांवर सरकतो. निफ्टीचे साप्ताहिक ऑप्शन २०१९ पासून आहेत आणि आता सगळी गर्दी तिथंच असते, पण विक्समध्ये ते धरत नाहीत. त्यामुळे मंगळवारी एक्स्पायरीच्या दुपारी विक्स बघून शंभर अंक लांबचा कॉल विकणारा माणूस महिनाभराच्या पावसाच्या अंदाजावरून आज संध्याकाळी छत्री घ्यायची का ते ठरवत असतो. त्याने त्या दिवसाच्या स्ट्रॅडलचा, म्हणजे बाजारभावाजवळच्या कॉल आणि पुटसाठी मिळून मोजाव्या लागणाऱ्या प्रीमियमचा भाव बघावा. उरलेल्या काही तासांत किती हालचाल अपेक्षित आहे, ते तोच सांगतो.

जून २०२४ मध्ये हे सगळं एकाच आठवड्यात दिसलं. ३ जूनला एक्झिट पोलच्या खुशीत निफ्टी २३,२६३ वर बंद झाला आणि विक्स २४-२५ वरून २१ च्या खाली उतरला. २१ ला १६ ने भागलं तर १.३ टक्के, म्हणजे सुमारे तीनशे अंक. दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू झाली आणि निफ्टी १,३७९ अंक पडला, अंदाजाच्या साडेचार पट. विक्स २६.७५ वर बंद झाला. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणांचं ठरलं होतं, ‘आता बाजार कुठंही जाऊ दे, दोन्ही बाजू घेऊन बसू.’ ढोबळ हिशेब मांडू. तीस दिवसांचा करार, निफ्टी २१,८८४, दर विक्सचाच धरला तर स्ट्रॅडल साधारण १,३४० अंकांना पडतो. ५ जूनला निफ्टी एका दिवसात ७३६ अंक वर गेला. एवढी उडी घेतल्यावर पैसे व्हायलाच हवेत, नाही का? पण त्याच दिवशी विक्स १९ च्या खाली घसरला, आणि त्या दराने तोच स्ट्रॅडल जवळपास १,१३५ ला येतो. दोनशे अंक गेले. तेव्हाच्या २५ च्या लॉटला, म्हणजे एका कराराच्या गठ्ठ्याला, पाच हजार रुपये. बाजार हलणार हा अंदाज बरोबर निघाला, तरी तोटा झाला. चढलेल्या विक्समध्ये ऑप्शन घेणं म्हणजे पाणी दारात आल्यावर होडी भाड्याने घेणं. होडी मिळते, पण भाव त्या वेळचा लागतो आणि पाणी उतरू लागलं की तिला कोणी विचारत नाही.

शांत काळाचा धोका उलट्या बाजूचा आहे, आणि मला तो जास्त वाईट वाटतो. विक्स ११-१२ वर आला की प्रीमियम आटतो. विकणाऱ्याला पूर्वीइतकीच कमाई हवी असते, म्हणून तो लॉट वाढवतो किंवा स्ट्राइक जवळ आणतो. महिनोन्‌महिने हे चालतं, कारण कमी विक्स म्हणजे लवकरच स्फोट, असं काही नसतं. अमेरिकेत २०१७ जवळजवळ पूर्ण वर्ष असंच गेलं. मग ५ फेब्रुवारी २०१८ ला तिथला विक्स एका दिवसात १७ वरून ३७ वर गेला आणि शांततेवर पैज लावणारी गुंतवणूक उत्पादनं एका रात्रीत भुईसपाट झाली.

आपल्याकडचा तसा सोमवार ७ एप्रिल २०२५ चा. अमेरिकेच्या आयातशुल्काची बातमी आली होती. शुक्रवारी विक्स १४ च्या आत होता, म्हणजे दिवसाला दोनशे अंकांच्या आतला अंदाज. सोमवारी निफ्टी उघडतानाच अकराशेहून जास्त अंक खाली होता. विकलेल्या पुटचा तोटा ठरलेल्या भावाला थांबवायला लावलेला स्टॉप लॉस मध्ये कुठं लागणार? मधले भाव आलेच नाहीत. दिवसाअखेर निफ्टीतली घट ७४३ अंकांवर आली आणि विक्स ६५ टक्क्यांहून जास्त चढून २२.७९ वर थांबला. म्हणजे विक्स वाढलेला दिसला तो पडझड झाल्यावर. शुक्रवारच्या आकड्यात सोमवारची चाहूल नव्हती.

मधल्या काळात बाजार नियामक सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून साप्ताहिक करार प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकापुरते ठेवले, कराराची किमान रक्कम पंधरा लाखांवर नेली आणि एक्स्पायरीच्या दिवशी ऑप्शन विकणाऱ्यांना दोन टक्के जादा मार्जिन, म्हणजे तारण रक्कम, लावलं. छोट्या खातेदारांनी यावर बोंब मारली. पण यात निदान जादा मार्जिनचा नियम तरी विक्स कमी असतानाही तेवढाच लागू राहतो. ब्रोकरकडचं नेहमीचं मार्जिन मात्र अस्थिरतेबरोबर वाढतं. त्यामुळे शांत दिवसांत पुरेशी वाटलेली रक्कम उसळीच्या दिवशी अपुरी पडते आणि तोट्यातली पोझिशन सगळ्यात महाग भावाला कापावी लागते.