फ्रेमचा काटकोन: रिव्हेटच्या भोकापासून वेल्डिंगच्या जिगपर्यंत

रिव्हेटच्या काळात लोखंडी सांगाड्याचं माप भोकं सांभाळत असत. दोन पट्ट्यांची भोकं आधी टेम्प्लेटवरून आखून पाडलेली असायची. जोडणीच्या वेळी त्यांत पिना घातल्या की भाग आपापल्या जागी बसायचे, आणि मग तापवलेले रिव्हेट ठोकले जायचे. रिव्हेट थंड होताना आकसायचा, पण त्याची ओढ त्याच्या स्वतःच्या लांबीत, म्हणजे पत्र्याच्या जाडीच्या दिशेने असायची. त्याने पट्ट्या एकमेकींवर घट्ट दाबल्या जायच्या, सांगाडा मात्र तिरका होत नसे. काटकोन आखणीतच पक्का झालेला असायचा.

विजेच्या आर्कने धातू वितळवून जोडण्याचं तंत्र, म्हणजे आर्क वेल्डिंग, १८८०च्या दशकात रशियात बेनार्दोस आणि स्लाव्यानोव्ह यांच्या हातून आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी लेप दिलेला रॉड काढला आणि ते कारखान्यात रुळलं. भोकं गेली, वर चढवलेल्या पट्ट्या गेल्या, वजन कमी झालं. पण भोकांबरोबर माप धरून ठेवणारी व्यवस्थाही गेली. उरल्या दोन मोकळ्या कडा आणि त्यांच्यामधला वितळलेला धातू, जो थंड होताना दोन्ही बाजूंना ओढणारच. तुकडे जागेवर धरून ठेवणारा साचा म्हणजे जिग, आणि पूर्ण वेल्डच्या आधी मारायच्या छोट्या जोडांचा, म्हणजे टॅकचा, क्रम या दोन गोष्टी ही रिकामी जागा भरण्यासाठी पुढे आल्या.

ही ओढ किती असते ते आधी पाहू. साधं पोलाद एक मीटर लांबीला दर शंभर अंशांमागे साधारण १.२ मिलिमीटर वाढतं. सांध्याजवळची पट्टी तापते तेव्हा तिलाही तेवढं वाढायचं असतं, पण आजूबाजूचं थंड पोलाद तिला वाढू देत नाही. पूर्ण जखडलेल्या पोलादात तपमानाचा फरक जेमतेम शंभर अंशांचा झाला की धातू आपली लवचीक मर्यादा ओलांडतो आणि कायमचा दबला जातो. वेल्डच्या कडेला तर हजार अंशांच्या वर तपमान जातं. म्हणजे ती पट्टी गरम असतानाच चेपली जाते, आणि थंड झाल्यावर तिची लांबी मुळापेक्षा कमी भरते. कितीही जाड क्लॅम्प लावला तरी हे टळत नाही. क्लॅम्प एवढंच ठरवतो की ही आकसण फ्रेम वाकवून बाहेर पडेल की ताण बनून आतच अडकून राहील.

अडकलेला ताण काय करू शकतो याचा एक जुना आणि गंभीर दाखला बेल्जियममधला आहे. आर्थर व्हिएरेंडील या अभियंत्याने १८९०च्या दशकात तिरक्या पट्ट्या नसलेला पूल मांडला. वरची तुळई, खालची तुळई आणि मधले उभे खांब, बस. असा पूल म्हणजे एकापुढे एक ठेवलेल्या चौकटीच. तिरका आधार नसल्याने सगळा भार चौकटीच्या कोपऱ्यांवर येतो. १९३०च्या दशकात आल्बर्ट कालव्यावर असे अनेक पूल वेल्डिंग करून उभारले गेले. त्यांपैकी हासेल्टचा पूल १४ मार्च १९३८ रोजी कोसळला. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, खालच्या तुळईला तडा गेला, आणि काही मिनिटांत पूल कालव्यात पडला. पुलावरच्या लोकांना निसटायला तेवढा वेळ मिळाला. जानेवारी १९४०च्या थंडीत त्याच घडणीच्या आणखी दोन पुलांना तडे गेले. कारणं एकात एक गुंतलेली होती. पोलाद थंडीत ठिसूळ होणारं होतं, जाड सांधे नेमके जास्त ताणाच्या कोपऱ्यांत आले होते, आणि एकमेकांना जखडून केलेल्या वेल्डमध्ये आकसण्याचा ताण साठलेला होता. फ्रेम काटकोनात राहिली म्हणजे काम झालं, हा समज तिथे महागात पडला.

वेल्ड कोणत्या क्रमाने करायचं हे सर्रास कागदावर उतरलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जहाजबांधणीत. १९४१ ते १९४५ या काळात तिथे २,७१० लिबर्टी जहाजं बांधली गेली. भरतीला आलेले बहुतेक कामगार या धंद्यात नवे होते, त्यामुळे अनुभवी मिस्त्रीच्या अंदाजावर काम सोडणं शक्य नव्हतं. सपाट लोखंडी ओट्यांवर पत्रे मांडायचे, पाचरी आणि क्लॅम्पने जखडायचे, टॅक मारायचे, तयार भाग क्रेनने उचलून जहाजावर चढवायचा, अशी ती पद्धत. त्यासोबत दोन नियम पक्के झाले. वेल्ड मधून सुरू करून बाहेरच्या मोकळ्या कडांकडे न्यायचं, म्हणजे आकसणाऱ्या धातूला सरकायला जागा राहते. आणि आडवे सांधे आधी पुरे करून मग लांब सांधे घ्यायचे, कारण लांब सांधा आधी झाला तर आडव्या सांध्याच्या दोन्ही कडा जखडल्या जातात.

तरीही १६ जानेवारी १९४३ रोजी पोर्टलंडजवळ धक्क्याला उभं असलेलं ‘स्केनेक्टडी’ हे नवं कोरं तेलवाहू जहाज शांत पाण्यात मधोमध मोडलं. तेव्हा पहिला संशय वेल्डवर आणि त्यात अडकलेल्या ताणावर गेला. अशा जहाजांच्या पुढच्या तपासांत पोलादाचा थंडीतला ठिसूळपणा आणि डेकवरच्या चौकोनी तोंडांच्या कोपऱ्यांसारख्या तीक्ष्ण जागा जास्त दोषी ठरल्या. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांचं काम यात मोलाचं होतं. मला यातला विवेक महत्त्वाचा वाटतो. अडकलेला ताण एकटा फ्रेम मोडत नाही. ठिसूळ धातू आणि कोपऱ्यातली खाच सापडली की मात्र तो त्यांच्या बाजूने उभा राहतो.

भारतात हे शास्त्र मोठ्या प्रमाणावर आलं ते रेल्वेच्या डब्यांतून. श्लीरेनच्या स्विस कंपनीच्या सहकार्याने चेन्नईतल्या पेरांबूरला उभारलेल्या कारखान्याचं उद्घाटन २ ऑक्टोबर १९५५ रोजी झालं. तिथला डबा संपूर्ण वेल्ड केलेला. तळाचा सांगाडा, बाजूच्या भिंती, छप्पर हे सगळं वेगवेगळ्या जिगमध्ये बनतं आणि शेवटी एका मोठ्या जिगमध्ये एकत्र येतं. मुंबई-पुणे मार्गावर आपण वर्षानुवर्षं ज्या निळ्या डब्यांतून प्रवास केला, ते बहुतेक याच घडणीचे.

आता हा सगळा इतिहास एका लहान फ्रेमवर आणून पाहू. ४० बाय ४०चा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप, कोपरे ४५ अंशांत कापलेले, बाहेरचं माप १२०० बाय ९००. हे माप सोयीचं आहे, कारण कर्ण बरोबर १५०० यायला हवा. टेबलावर लांब बाजूला दोन स्टॉपर, आखूड बाजूला एक, आणि समोरून क्लॅम्प. चारही बाजूंनी पक्के स्टॉपर लावले तर वेल्डने थोडी वाकडी झालेली फ्रेम त्यांत अडकून बसते आणि ठोकून काढावी लागते. कोपऱ्यापाशी स्टॉपर नको, तिथे रॉड पोचला पाहिजे.

सगळ्यात आधी समोरासमोरचे तुकडे एकमेकांना लावून लांबी जुळते का ते बघायचं. ही पायरी गाळली तर पुढची मापं फसवतात. वरची बाजू खालच्यापेक्षा २ मिलिमीटर आखूड असली तरी दोन्ही कर्ण तंतोतंत सारखे भरू शकतात, आणि कोपरा मात्र ९० अंशांचा नसतो. कर्ण जुळणं हा काटकोनाचा पुरावा तेव्हाच, जेव्हा समोरासमोरच्या बाजूही सारख्या असतात.

मग पहिली फेरी: प्रत्येक कोपऱ्याच्या वरच्या तोंडावर एकेकच टॅक, साधारण १० मिलिमीटर लांबीचा. एका कोपऱ्यानंतर शेजारचा नाही, समोरचा तिरका कोपरा. एकेकच टॅक यासाठी, की तो बिजागरीसारखा वागतो आणि फ्रेम अजून हलवता येते. आता दोन्ही कर्ण मोजायचे. समजा एक १५०१.५ आणि दुसरा १४९८.५ भरला. फरक ३ मिलिमीटरचा, म्हणजे ९०० उंचीत फ्रेम सुमारे १.९ मिलिमीटर कलली आहे. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांना लांब क्लॅम्प लावून थोडं जास्तच ओढायचं, सोडायचं, पुन्हा मोजायचं. कर्ण जुळले की फ्रेम उलटी करून मागच्या तोंडाला तसेच टॅक. दोन्ही तोंडं टॅक झाल्याशिवाय पूर्ण वेल्डला हात घालू नये, नाहीतर एका तोंडाची ओढ कोपरा टेबलावरून वर उचलते.

पूर्ण वेल्डमध्ये बाहेरचे उभे सांधे आधी, तेही तिरक्या जोड्यांनी. मग वरचं तोंड, लगेच उलटून मागचं, आणि आतला कोपरा शेवटी, हलक्या हाताने. यामागचं गणित छोटं आहे. फक्त दोन बाजू जोडलेल्या असताना आतल्या कोपऱ्यातल्या वेल्डने बाहेरच्या मानाने ०.३ मिलिमीटर जास्त ओढलं, तर ४० मिलिमीटर रुंदीच्या पाइपवर तो कोन इतका मिटतो की ९०० मिलिमीटरवरचं टोक जवळजवळ ७ मिलिमीटर आत येतं. बाहेर आधी केलेला सांधा कोपऱ्याला उलट दिशेने उघडतो आणि ही ओढ बरीचशी खाऊन टाकतो. चारही बाजू बंद झाल्यावर कोन सुटा मिटू शकत नाही. मग चारही आतले कोपरे सारखे ओढले तर बाजूंचे मध्य आत येतात, आणि कमीजास्त ओढले तर फ्रेम शंकरपाळ्यासारखी होते. त्यामुळे बाजूवर सरळ पट्टी लावून आणि कर्ण मोजून कुठला वेल्ड जड पडला ते ओळखता येतं.

टॅकच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी दुर्लक्षित राहते. जाड भागावर मारलेला पिटुकला टॅक झटकन थंड होतो आणि मधोमध बारीक चिरतो. त्याच्यावरूनच पूर्ण वेल्ड ओढलं तर ती चीर आत गाडली जाते. चिरलेला टॅक ग्राइंडरने काढून नव्याने मारायचा, आणि टॅकलाही तोच रॉड वापरायचा जो पूर्ण वेल्डला लागणार आहे.

क्लॅम्प फ्रेम हाताला गार लागेपर्यंत काढायचे नाहीत. तरी काढल्यावर ती थोडी हलतेच, कारण अडकलेल्या ताणाचा काही भाग तेव्हा सुटतो. एकसारख्या पन्नास फ्रेम करायच्या असतील तर पहिली फ्रेम सोडल्यावर ती कुठे आणि किती गेली ते मोजतात, आणि जिगचे स्टॉपर तेवढेच उलट दिशेला सरकवतात. पाइपची जाडी बदलली, रॉडचा करंट वाढवला किंवा कापणीत फट मोठी राहिली, की हे माप पुन्हा काढावं लागतं, कारण जास्त उष्णता आणि जास्त भरणा म्हणजे जास्त आकसण.