ओठांवर खपल्या: मावा की पीपीआर?

करडाच्या ओठांवर खपल्या दिसल्या की ‘मावा आलाय’ म्हणून तेल-हळद लावली जाते. बहुतेक वेळा तो मावाच असतो. पण पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगातही आजार उतरणीला लागल्यावर ओठांभोवती बारीक गाठी आणि खपल्या येतात. फक्त खपल्या पाहून ठरवलं, तर पीपीआरला कळपात पसरायला आठवडाभर मोकळं रान मिळतं.

म्हणून आधी तोंड उघडा. माव्याचे जाड, फुलकोबीसारखे फोड ओठांच्या कडेवर आणि नाकपुड्यांभोवती असतात. पाजणाऱ्या शेळीच्या सडांवरही उतरतात. करडू दुखतं म्हणून चारा टाळतं, पण डोळे स्वच्छ असतात आणि सहसा हगवण नसते. पीपीआरमध्ये खरी गोष्ट तोंडाच्या आत असते. हिरड्यांवर, गालांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या जबड्याच्या दात नसलेल्या गादीवर कोंडा पसरल्यासारखा करडा-पांढरा थर दिसतो. तो बोटाने पुसला तर खाली लाल, ओली जखम निघते आणि तोंडाला सडका वास येतो. हे पाहताना हातमोजे घाला, कारण मावा माणसाच्या हातांनाही लागतो. पीपीआर लागत नाही.

दुसरी खूण तापमापकाची. शेळीचा ताप साधारण 102 ते 103 अंश फॅरनहाइट असतो. पीपीआरमध्ये तो एकाएकी 104 ते 106 वर जातो. नाकातलं पाणी दोन-तीन दिवसांत घट्ट पिवळं होऊन नाकपुड्या बुजतात, पापण्या चिकटतात, मग पाण्यासारखी हगवण आणि खोकला सुरू होतो. ताप हगवणीच्या आधी येतो, हे लक्षात ठेवा. हगवण लागल्यावर बाजूला काढलेली शेळी तोवर शेजारणींना आजार देऊन बसलेली असते.

समजा, 40 शेळ्यांच्या कळपात रविवारच्या बाजारातून दोन पाठी आल्या आणि त्याच दिवशी एकाच गव्हाणीवर बांधल्या. शुक्रवारी त्यातली एक चारा सोडते, ताप 105. त्याच क्षणी दोन्ही पाठी वेगळ्या निवाऱ्यात हलवा, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, स्वतंत्र बादली आणि गव्हाणीसह. बाकी 40 जणींचा ताप रोज सकाळ-संध्याकाळ घ्या आणि 104 च्या वर गेलेली प्रत्येक शेळी लगेच आजाऱ्यांत टाका, नाक वाहण्याची वाट न पाहता. आधी निरोग्यांचं चारापाणी, शेवटी आजाऱ्यांचं. हा क्रम मोडला की वेगळं ठेवण्याला अर्थ उरत नाही. डॉक्टरांकडून डोळ्या-नाकातल्या स्रावाचे नमुने ताप असतानाच घ्यायला लावा आणि बर्फावर पाठवा. मेलेलं जनावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. कळपातलं एकही जनावर बाजारात नेऊ नका. पीपीआर 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार कळवणं बंधनकारक असलेला रोग आहे. शेवटची आजारी शेळी बरी झाल्यावरही तीन आठवडे हा बंदोबस्त ठेवा.

गोठ्याची स्वच्छता मात्र दोन्हीत वेगळी लागते. पीपीआरचा विषाणू ऊन, साबण आणि कपडे धुण्याच्या पावडरीने लवकर मरतो. तो पसरतो जवळच्या श्वासाने, खोकल्याने आणि लेंड्यांनी. माव्याचा विषाणू गळून पडलेल्या खपलीत कोरड्या जागी महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून तिथे खपल्या गोळा करून जाळाव्या लागतात. मावा तीन-चार आठवड्यांत आपला आपण बरा होतो. पीपीआरच्या विषाणूवर औषध नाही. प्रतिजैविकं फुप्फुसात शिरलेल्या दुसऱ्या जंतूंसाठी आणि सलाइन हगवणीने गेलेलं पाणी भरून काढण्यासाठी.

आता लस. वरच्या उदाहरणात शुक्रवारी लस टोचली, तर ज्यांच्या अंगात विषाणू आधीच शिरलाय त्यांना ती वाचवू शकत नाही, कारण संरक्षण तयार व्हायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, तर आजार चार-सहा दिवसांतच दिसतो. मग ‘लशीनेच शेळ्या मेल्या’ अशी बोंब होते. साथीत लस द्यायचीच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, ताप नसलेल्यांनाच, प्रत्येकीला नवी सुई घेऊन. एकच सुई फिरवली तर तीच आजार पोचवते.

खरी वेळ साथ नसताना असते. लस घेतलेल्या आईचं करडू चिकातून संरक्षण घेऊन येतं आणि तेच संरक्षण लवकर दिलेली लस निकामी करतं. म्हणून पहिली मात्रा साधारण चौथ्या महिन्यात: 1 मिली, कातडीखाली. नोव्हेंबरात जन्मलेल्यांची मार्चमध्ये, मार्चमधल्यांची जुलैत. पुढची मात्रा तीन वर्षांनी. ही जिवंत लस आहे: कुपी 2 ते 8 अंश सेल्सिअसला, सोबतचा द्रावही थंड, आणि मिसळल्यावर तासा-दोन तासांत संपवायची. दुपारच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आलेली कुपी रंगाने ठीकच दिसते, पण आतला विषाणू मेलेला असतो आणि शेळीला काहीच मिळत नाही.

बाजारातून आणलेल्या शेळीला 21 दिवस वेगळं ठेवा. पहिले सात दिवस फक्त ताप बघा. निरोगी राहिली तर आठव्या दिवशी लस द्या आणि उरलेले दोन आठवडे संरक्षण तयार होऊ द्या.