परीक्षणासोबतचे ताट खरे की उसने? तपासणीमागची पार्श्वभूमी

खाण्याच्या फोटोतली फसवणूक इंटरनेटच्या आधीपासूनची आहे. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातींत वाडग्याच्या तळाशी काचेच्या गोट्या ठेवल्या जात, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर राहून सूप भरगच्च दिसे. फसव्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने त्याला हरकत घेतली आणि १९७० साली कंपनीच्या संमतीने काढलेल्या आदेशाने ते प्रकरण मिटले. तिथे निदान वाडगा आणि सूप तरी खरे होते. पुढे उपाहारगृहांची परीक्षणे ग्राहकच लिहू लागले तेव्हा प्रश्न बदलला: हा फोटो मुळात त्याच जागेचा आहे का?

आयस्टॉक (२०००) आणि शटरस्टॉक (२००३) यांसारख्या संग्रहांमुळे तयार फोटो स्वस्तात मिळू लागले होते, आणि कोणाच्याही जेवणाचा फोटो आपला म्हणून लावणे सोपे झाले. त्यावर उतारा म्हणून उलट शोध आला, म्हणजे शब्दांऐवजी फोटोच देऊन तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते पाहणे. त्यासाठीचे टिनआय हे संकेतस्थळ २००८ साली सुरू झाले आणि गुगलने २०११ साली फोटो देऊन शोध घेण्याची सोय दिली. पद्धत साधी आहे. आधी पूर्ण फोटो द्यावा, मग फक्त ताटाचा भाग कापून द्यावा, आणि शेवटी फोटो आडवा उलटवून पुन्हा शोधावे, कारण आरशातल्यासारखा फिरवलेला फोटो पहिल्या फेरीत निसटू शकतो. टिनआयमध्ये निकाल जुन्यापासून लावता येतात, मात्र तिथली तारीख त्यांच्या यंत्रणेला ते चित्र प्रथम सापडल्याची असते, फोटो काढल्याची नव्हे. ही गफलत मी अनेकांना करताना पाहिली आहे.

या पद्धतीची मर्यादा २०१७ साली लंडनमध्ये उघड झाली. पत्रकार उबा बटलर याने आपल्या अंगणातल्या शेडला ‘द शेड ॲट डलिच’ असे नाव देऊन ट्रिपॲडव्हायझर या परीक्षणांच्या संकेतस्थळावर उपाहारगृह म्हणून नोंदवले. तिथे जेवण मिळतच नव्हते. पदार्थांचे फोटो दाढीचा फेस आणि भांडी धुण्याच्या यंत्राच्या गोळ्या वापरून सजवलेले होते, आणि एका फोटोत तर त्याची स्वतःची टाच होती. नोव्हेंबर २०१७ पर्यंत ही जागा लंडनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचली. उलट शोधात काहीही सापडले नसते, कारण हे फोटो ताजे, प्रथमच काढलेले होते. म्हणजे ‘दुसरीकडे सापडला नाही’ याचा अर्थ ‘खरा आहे’ असा कधीच नव्हता.

२०२२ साली डॅल-ई २, मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्यूजन ही वर्णनावरून चित्र तयार करणारी एआय साधने लोकांच्या हाती आल्यावर हीच अडचण घरोघर आली, कारण निर्माण केलेल्या ताटालाही मूळ फोटो नसतो. ऑगस्ट २०२४ मध्ये झोमॅटोने मेनूत अशी चित्रे वापरू नयेत असे उपाहारगृहांना सांगितले आणि ती काढून टाकण्याचे जाहीर केले. तोवर नजरेने तपासण्याची वेळ आलेलीच होती.

मध्यंतरी मिसळीच्या एका परीक्षणासोबतचा फोटो माझ्यासमोर आला. उलट शोधाच्या तिन्ही फेऱ्या रिकाम्या गेल्या. फोटो कधी आणि कोणत्या कॅमेऱ्याने काढला हे फाइलमध्येच नोंदवणारी एक्झिफ माहितीही नव्हती, पण त्यावरून काही ठरत नाही, कारण व्हॉट्सॲपसारखी माध्यमे ती वाटेतच काढून टाकतात. मग फोटो मोठा करून पाहिला. खऱ्या मिसळीत फरसाण रश्शात भिजते, खालची शेव फुगते आणि वरची कोरडी राहते. इथे वाटीच्या कडेला शेवेचे धागे रश्शात शिरताना शेव राहतच नव्हते, त्यांचीच तर्री झाली होती. लिंबाच्या फोडीच्या पाकळ्या मध्यावर एकत्र येत नव्हत्या. चमच्याचा दांडा पावाच्या मागे गेला आणि पलीकडे वेगळ्याच रुंदीचा होऊन बाहेर आला. मागच्या दरपत्रकावरची अक्षरे देवनागरीसारखी दिसत होती, पण एकही शब्द लागत नव्हता.

यातल्या प्रत्येक खुणेला तितकेच वजन देऊ नये. धूसर कडा आणि भडक रंग खऱ्या फोटोतही येतात, कारण फोनमधला पोर्ट्रेट किंवा फूड मोड तेच करतो, आणि दूरवरची अक्षरे फोटो दाबून लहान करतानाही विस्कटतात. नवी साधने अक्षरे बरीच नीट काढतात, त्यामुळे तो पुरावा दरवर्षी कमजोर होत चालला आहे. चमच्याचा दांडा आणि शेव यांचे मात्र तसे नाही, कारण वस्तू एकमेकींच्या मागे जाऊन पुन्हा कशा दिसतात यात दाबणी किंवा फिल्टर ढवळाढवळ करत नाही.

तरीही निर्णय मी या खुणांवर सोडला नाही. त्याच जागेचे इतर ग्राहकांनी वेगवेगळ्या महिन्यांत टाकलेले आठ फोटो शेजारी ठेवले. आठही फोटोंत स्टीलची खोलगट वाटी, कप्प्यांचे ताट आणि टेबलावर एकच फिकट निळी फरशी होती. संशयित फोटोत मातीचे भांडे लाकडी फळीवर होते. भांडी कधीतरी बदलतात, म्हणून त्याच आठवड्यातला दुसऱ्या ग्राहकाचा फोटो शोधला, आणि त्यातही स्टीलचीच वाटी होती.