रक्त पातळ करायची गोळी तीच, मग आयएनआर सहावर गेला कसा?

माझ्या आत्याची माइट्रल झडप बदलून बरीच वर्षं झाली, धातूची झडप आहे, त्यामुळे वॉरफरिन जन्मभर. तिचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती पट वेळ लागतो तो आकडा, अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा असतो, आणि वर्षानुवर्षं रोज 4 मिलिग्रॅमवर तो मस्त राहायचा. गेल्या वर्षभरात मात्र तो सारखा खाली येत होता म्हणून डोस वाढत वाढत 6 पर्यंत गेला. मग थकवा आणि सुजलेला चेहरा बघून धंतोलीतल्या डॉक्टरांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी पडला की वाढणारा आकडा, करायला लावला तर तो निघाला 62. थायरॉइडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली आणि पाचव्या आठवड्यात ब्रश करताना बेसिन लाल. दंडावर, पिशवीचा बंद घासला असेल तिथे, तळहाताएवढा निळा डाग. आयएनआर 6.1.

"काय बाप्पा, रक्ताची गोळी तर तीच आहे, भाजी पण तीच खाते मी," आत्या म्हणाली. शेजारच्या काकूंनी सांगितलं की दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेव. हा गैरसमज मी खूप ठिकाणी ऐकलाय म्हणून नीट सांगतो. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांत ते अंतर हवंच कारण त्या पोटात एकमेकींना चिकटतात. वॉरफरिनचं तसं नाही, एक सकाळी आणि एक रात्री घेतली तरी हेच झालं असतं.

आपला उन्हाळ्यातला कूलर डोळ्यासमोर आणा. टाकीत पाणी किती राहील हे नळ किती सोडलाय आणि वाळ्यातून किती उडतंय, या दोन्हींवर ठरतं. रक्त गोठवणारे घटक यकृत बनवतं, त्यातल्या चार घटकांना, म्हणजे दोन, सात, नऊ आणि दहा नंबरच्या, व्हिटॅमिन के लागतं. वॉरफरिन ते व्हिटॅमिन पुन्हा वापरात येऊ देत नाही, म्हणजे नळ बारीक करतं, पण टाकीत आधीपासून असलेल्या पाण्याला हात लावत नाही. ते पाणी किती झपाट्याने उडणार हे थायरॉइडचं हार्मोन ठरवतं. हार्मोन कमी असलं की हे घटक सावकाश मोडतात, नळ बारीक असूनही टाकी भरलेली राहते. आत्याचं वर्षभर हेच चाललं होतं आणि आपण नळ अजून बारीक करत गेलो. मग हार्मोन मिळालं, टाकीला मे महिना लागला, नळ मात्र पावसाळ्यातलाच.

आणि हे एका रात्रीत होत नाही. थायरॉइडच्या गोळीतल्या लेव्होथायरॉक्सिनचं अर्धं प्रमाण शरीरातून जायला साधारण सात दिवस लागतात, म्हणून रक्तातली पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे जातात. पहिल्या आठवड्यातला आयएनआर छान आला म्हणून महिनाभर तपासणी टाळली की नेमकं मधे गाठतं. थायरॉइडची गोळी सुरू केली, वाढवली किंवा बंद केली की दर एक-दोन आठवड्यांनी आयएनआर बघायचा, टीएसएच स्थिर होईपर्यंत. आत्याचे दोन डोस डॉक्टरांनी थांबवले, मग साडेचारवर आणलं, शेवटी 4 वर.

व्हॉट्सॲपवर धण्याच्या पाण्याने थायरॉइड मुळासकट जातो, गोळी सोडा असं फिरत असतं. धातूची झडप असलेल्या माणसाने ते ऐकलं तर काही आठवड्यांत घटक पुन्हा साचणार, आयएनआर पडणार आणि झडपेवर गुठळी बसू शकते, तिथून ती मेंदूत जाते. मला याचा खरंच संताप येतो.

थायरॉइड जास्त असलेल्यांचं उलटं. त्यांना थोडं वॉरफरिनही खूप होतं, आणि कार्बिमाझोलने थायरॉइड ताब्यात आला की डोस वाढवावा लागतो. हृदयाच्या डिगॉक्सिनची दिशा मात्र वेगळी आहे: जास्त थायरॉइडमध्ये मूत्रपिंड ते पटापट बाहेर टाकतं आणि हृदयही दाद देत नाही, म्हणून डोस चढवलेला असतो. थायरॉइड उतरला की तोच डोस अंगावर येतो, मळमळ, मंद नाडी, पिवळसर दिसणं. हे दिसलं तर पुढची गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना फोन. इन्सुलिनचंही तसंच, थायरॉइड जास्त असताना ते लवकर संपतं आणि यकृत साखर जास्त सोडतं, म्हणून युनिट वाढवलेले असतात, उपचार लागू पडला की त्याच युनिटवर साखर घसरते. कमी थायरॉइडवाल्याने गोळी सुरू केली तर याउलट इन्सुलिन थोडं वाढवावं लागू शकतं.

आठ आठवड्यांनी आत्याचा टीएसएच 14 आला, डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी 75 केली. तिने लगेच वहीत पुढच्या चार सोमवारांपुढे "रक्त" लिहून ठेवलं. दुसऱ्या सोमवारी आयएनआर 3.7 होता, वॉरफरिन त्याच दिवशी किंचित कमी केलं, बेसिन पांढरंच राहिलं.