रॉयल्टी नफ्यावर नसते

"रॉयल्टी म्हणजे खाणीच्या नफ्यावरचा करच ना? मग खाण तोट्यात असताना ती कशाला भरायची?"

कारण ती मालाची किंमत आहे. जमिनीखालचं खनिज मालकाचं. ते उचललं की मोबदला द्यायचा. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २५ जुलै २०२४ रोजी, ८ विरुद्ध १ मतांनी, रॉयल्टी हा करच नाही असं सांगितलं.

लोहखनिजावर ती सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के असते. ही सरासरी नागपूरचा भारतीय खाण ब्युरो जाहीर करतो. समजा ती टनाला ४,००० रुपये आहे. रॉयल्टी झाली ६००. आता काढणी-वाहतुकीचा खर्च ३,८०० असला तरी ६०० द्यायचेच. म्हणजे टनामागे ४०० चा तोटा. खर्चाचा कागद इथे कुणी बघतच नाही. म्हणूनच कमी प्रतीचं खनिज पुष्कळदा जागीच पडून राहतं.

खनिज बाहेर काढण्यावरचा सेव्हरन्स टॅक्स मात्र खरा कर. टेक्ससमध्ये तेल बहुधा खासगी जमिनीतलं, रॉयल्टी जमीनमालकाला जाते. राज्य तेल बाहेर काढण्यावर बाजारमूल्याच्या ४.६ टक्के वेगळे घेतं. नफा तिथेही विचारात नाही.

नफ्याला हात घालतो तो रिसोर्स रेंट टॅक्स. ऑस्ट्रेलियात समुद्रातल्या तेल-वायूवर तो ४० टक्के आहे, पण शोध आणि उभारणीचा खर्च वजा झाल्यावरच; उरलेला खर्च दरवर्षी व्याजासारखा वाढवून पुढे धरतात. त्यामुळे मोठे वायू प्रकल्प वर्षानुवर्षं जवळपास काहीच भरत नव्हते. अखेर जुलै २०२३ पासून द्रवरूप वायू प्रकल्पांची बहुतेक वजावट उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर अडवली गेली.