मुलाखत उतरवणे (नाशिक परिसर)

ध्वनिमुद्रित मुलाखत, व्याख्यान किंवा बैठक ऐकून तिची लेखी संहिता तयार करणे. कॅसेटच्या काळापासून याला ‘टेप उतरवणे’ म्हणतात. आता टेप राहिली नाही, क्रियापद राहिले. वर्तमानपत्रातले ‘शब्दांकन’ वेगळे. त्यात लेखक बोलणाऱ्याचे म्हणणे आपल्या भाषेत बांधतो. उतरवणाऱ्याला ती मोकळीक नाही. ‘अं’, ‘म्हंजे’, अडखळणे आणि अर्धवट सोडलेली वाक्ये त्याने काढायची, पण बोलणाऱ्याने न म्हटलेले काही संहितेत येता कामा नये. स्वच्छ प्रत म्हणजे एवढेच.

नाशिक जिल्ह्यात हे काम बरेचसे शेतीच्या मुलाखतींचे असते, आणि त्यातही कांद्याच्या. देवळा, कळवण, सटाणा, मालेगाव या भागांतला शेतकरी बोलता बोलता अहिराणीत जातो. सुरगाणा आणि पेठकडच्या मुलाखतीत कोकणा बोली येते. शहरात बसून ऐकणाऱ्याचा कान प्रमाण मराठीचा असतो आणि ऐकलेला अनोळखी शब्द तो नकळत ओळखीच्या शब्दाकडे ओढतो. बहुतेक चुका इथे होतात. त्या पकडणे अवघड असते, कारण चुकलेले वाक्यही वाचायला सरळ लागते.

‘माले भाव भेटना नही’ हे अहिराणी वाक्य घ्या. ‘माले’ म्हणजे मला. बाजाराची चर्चा चालू असल्यामुळे कानाला ‘माल’ ऐकू येतो आणि कागदावर ‘मालाला भाव भेटला नाही’ असे उतरते. शेतकरी स्वतःबद्दल सांगत होता, संहितेत तो पिकाबद्दल बोलू लागला. ‘गोल्टी’ म्हणजे लहान आकाराचा कांदा. त्याची ‘गोष्टी’ होते. ‘वांधा’चा तर सहज ‘कांदा’ होतो. लिलावात वरवर पाहून भाव पुकारला जातो, गाडी खाली केल्यावर आतला माल वेगळा निघाला की व्यापारी हरकत घेतो आणि भाव तोडतो. त्या तक्रारीला बाजारात वांधा म्हणतात. ‘मंग वांधा पडला’ याचे ‘मग कांदा पडला’ झाले, तर भाव का घटला हे वाचणाऱ्याला कळणारच नाही.

आकडे हा दुसरा धोका. मराठीत पाव, अर्धा, पाऊण हे सगळे आकड्याच्या आधी येते. पावणेबाराशे म्हणजे ११७५, सव्वाबाराशे १२२५, साडेबाराशे १२५०. ट्रॅक्टरच्या आवाजात पहिली दोन-तीन अक्षरे बुडाली की उरते नुसते ‘बाराशे’, आणि तेही पूर्ण वाटते. म्हणून आकडा नुसत्या कानावर सोडू नये, हिशेबाने पडताळावा. उदाहरणादाखल एक उतारा, जसा ऐकू येईल तसा:

‘म्हंजे काय झालं, त्या दिशी, त्या दिशी सतरा क्विंटल भरला. उन्हाळ. भाव पुकारला … बाराशे. मंग खाली केल्यावर वांधा पडला, वांधा, शंभर तोडले. माले भाव भेटना नही. पावणेपाचशे कापले, सतरा हजार आठशे हातात. परवडलं का तर नै, परवडलं नै.’

‘बाराशे’च्या आधी काय होते? हातात आलेले १७,८०० आणि हमाली-तोलाईत कापलेले ४७५ मिळून १८,२७५ होतात. सतरा क्विंटलने भागले की क्विंटलला १०७५. त्यात वांध्यात तोडलेले शंभर परत मिळवले की ११७५, म्हणजेच पावणेबाराशे. मग ती जागा पुन्हा ऐकायची. ‘पाव’चा ओठ मिटल्याचा अस्फुट आवाज आता सापडतो. हिशेब असा तंतोतंत जुळला नाही, तर शेतकऱ्याकडची हिशेबपट्टी पाहावी. तीही नसेल, तर [अस्पष्ट]बाराशे असे लिहून शेजारी वेळ टाकावी. अंदाजाने भरलेला आकडा रिकाम्या जागेपेक्षा वाईट, कारण संशोधक तो तक्त्यात घालतो आणि तिथून पुढे त्याला कोणी विचारत नाही.

स्वच्छ प्रत अशी होते:

‘त्या दिवशी सतरा क्विंटल उन्हाळ [कांदा] भरला. भाव पावणेबाराशे पुकारला. मग खाली केल्यावर वांधा पडला, शंभर तोडले. माले भाव भेटना नही. पावणेपाचशे कापले, सतरा हजार आठशे हातात [आले]. परवडलं का तर नाही, परवडलं नाही.’

सुरुवातीची अडखळ आणि ‘वांधा’ची पुनरुक्ती गेली, कारण ती नुसती सवय होती. शेवटची पुनरुक्ती ठेवली. तिथे माणूस स्वतःलाच विचारून स्वतःच उत्तर देतो आहे. भर घातलेले शब्द चौकटी कंसात आले. अहिराणी वाक्य तसेच राहिले, त्याचा अर्थ समासात द्यायचा. बातमीदार कधी कधी तेही प्रमाण मराठीत मागतो. तेव्हा मूळ वाक्य ठेवून खाली भाषांतर द्यावे; अवतरणचिन्हांत भाषांतर घालून ते शेतकऱ्याचे बोलणे म्हणून छापणे योग्य नाही.

‘परवडलं’ की ‘परवडले’? साहित्य महामंडळाच्या लेखननियमांत बोलण्याची भाषा उच्चाराप्रमाणे लिहायला वाव आहे, त्यामुळे मुलाखतीत अनुस्वाराचे रूप चालते. मात्र प्रश्नकर्त्याची वाक्ये ‘केले, झाले’ आणि शेतकऱ्याची ‘केलं, झालं’ असा भेद करू नये. दोघेही बोलतच होते.

सर्वात जास्त जपायचे ते ‘ना’ आणि ‘नै’ यांना. ‘पैसे दिले ना’ म्हणजे दिलेच. ‘पैसे दिले नै’ म्हणजे दिलेले नाहीत. घाईच्या बोलण्यात दोन्ही जवळपास सारखे ऐकू येतात आणि त्यावर कुणावर तरी आरोप उभा राहू शकतो. अशा जागी वेग कमी करून ऐकावे (व्हीएलसीत `[` दाबले की वेग उतरतो), पण फार उतरवू नये. निम्म्याच्या खाली स्वर ताणले जाऊन ‘नै’चाही ‘ना’ वाटू लागतो. शब्दापेक्षा सूर आणि पुढचे वाक्य जास्त सांगतात. ‘दिले ना’नंतर माणूस पुढे जातो, ‘दिले नै’नंतर बहुधा कारण सांगतो.

एका माणसाचे स्वच्छ ध्वनिमुद्रण तासाभराचे असेल, तर उतरवायला चार ते सहा तास लागतात. आधी एकदा न थांबता सगळे ऐकावे, कारण अकराव्या मिनिटाला न कळलेला शब्द चाळिसाव्या मिनिटाला तोच माणूस फोड करून सांगतो. मग टंकन करावे, आणि शेवटी संहिता डोळ्यांसमोर ठेवून पुन्हा पूर्ण ऐकावे. हे शेवटचे ऐकणे दुसऱ्या दिवशी केलेले बरे. त्याच दिवशी कान आपलीच चूक पुन्हा ऐकतो. बोली समजणारा कोणी मिळाला, तर त्याला सगळी फीत ऐकवण्याची गरज नसते. अडलेल्या जागांच्या वेळा काढून तेवढेच तुकडे ऐकवावेत.

व्याख्यान त्या मानाने सोपे: एकच आवाज, बहुधा प्रमाण भाषा. तिथे अडते ते वक्त्याने म्हटलेल्या ओव्या-श्लोकांत. छापील पाठ पाहून खात्री करावी, पण वक्ता वेगळे म्हणाला असेल तर संहितेत त्याचेच शब्द ठेवून फरक समासात नोंदवावा. बैठकीत प्रश्न ‘कोण बोलले’ हा असतो. सुरुवातीला प्रत्येकाने आपल्या तोंडाने नाव सांगितले असेल, तर तो आवाजाचा नमुना पुढे दोन तास कामी येतो. नसेल, तर बसण्याचा क्रम कागदावर काढून घ्यावा.

संशोधनासाठीच्या प्रतीत नावाच्या जागी ‘शेतकरी ३’ अशी खूण घालतात आणि नावांची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतात. नाव काढले तरी गाव, गट नंबर आणि ‘सरपंचाचा पुतण्या’ एवढ्यावरून लहान गावात माणूस ओळखू येतो, म्हणून त्या जागाही संशोधकाला दाखवून झाकून घ्याव्या लागतात.