हबक्याचे डंपलिंग (पॅन-फ्राइड मोमो)

तव्यात थोडं तेल, त्यात डंपलिंग बुडावर उभे मांडायचे, बूड जरा रंगलं की पाण्याचा हबका आणि लगेच झाकण. चीनमध्ये हे ग्वोत्ये, जपानात ग्योझा. गोव्यात मोमोच्या गाड्यांवर 'फ्राय' मागितलं तर बहुतेक वेळा कढईत पूर्ण तळलेलाच येतो, तो प्रकार वेगळा.

उगमाबद्दल वाद आहे. तुर्फानजवळच्या अस्ताना थडग्यांत तांग काळातले (618–907) सुकलेले डंपलिंग सापडलेत, पण त्यावरून आकार जुना एवढंच कळतं, ते भाजत होते की उकडत होते ते नाही. हान काळातल्या चांग चुंगचिंग वैद्याची गोष्ट सगळे सांगतात, ती दंतकथाच धरावी आणि तिच्यातही डंपलिंग उकळलेलेच आहेत. राजाच्या आचाऱ्याकडून बूड करपलं वगैरे किस्सा तर सोडूनच द्या. उरलेले उकडलेले डंपलिंग दुसऱ्या दिवशी तव्यावर परतायचे त्यातून पद्धत आली असावी, हे मत त्यातल्या त्यात पटतं. जपानात प्रसार मात्र बराचसा दुसऱ्या महायुद्धानंतरचा, मांचुरियातून परतलेल्या लोकांमुळे.

आता मुख्य मुद्दा. तव्यात पाणी आहे तोवर बुडाशी तापमान 100 अंशांच्या आसपासच अडकतं आणि खरपूस रंग यायला साधारण 140 च्या वर जावं लागतं, म्हणजे वरचा भाग शिजतो तेव्हा बूड थांबलेलं असतं, आणि पाणी आटलं की बूड परत चालू होतं. म्हणून वेळ घड्याळापेक्षा पाण्याने मोजतात. 24 सेंमीच्या सपाट पॅनमध्ये 12 ताजे चिकन मोमो धरा: एक मोठा चमचा तेल, मध्यम आच, दोनेक मिनिटांत बूड फिकट बदामी. मग 80 ते 100 मिली गरम पाणी कडेने ओतायचं (गार ओतलं तर तवा बसतो), झाकण, पाच-सहा मिनिटं. वरची पारी पांढरी-पिठूळ होती ती अर्धपारदर्शक झाली आणि बोटाने दाबल्यावर परत वर आली की झालं, पण बघायचं ते चुण्यांच्या गाठीकडे कारण तिथे मैदा जाड असतो आणि तोच शेवटी शिजतो. झाकण काढल्यावर खदखद थांबून तडतड सुरू होते, तेव्हा कडेने चमचाभर तेल आणि अजून मिनिट-दीड मिनिट.

बूड काळं आणि माथा कच्चा म्हणजे पाणी कमी पडलं किंवा झाकणातून वाफ गेली. बूड लिबलिबीत म्हणजे पाणी जास्त किंवा मोमो उतरवायची घाई, मग तडतड येईपर्यंत उघडं ठेवायचं, उलथन्याने ओढाओढ केली की पारी फाटते. भाकरीचा खोलगट बिडाचा तवा इथे फसतो, पाणी मधे साठतं आणि कडेचे कोरडे राहतात.

सुंगटांचं सारण चिकनपेक्षा लवकर शिजतं पण पारीला वेळ तेवढाच लागतो, त्यामुळे तिथे पारी पातळ लाटणं हाच उपाय. फ्रीझरमधले असतील तर वितळवायचे नाहीत, पावसाळ्यात तर बाहेर ठेवले की चिकटतातच, तसेच तव्यात टाकून पाणी थोडं वाढवायचं आणि झाकणाखाली आठ मिनिटं.